चार वर्षांत 3000 रुपये पगार वाढला, मग महिनाअखेर जास्त ओढ का बसते? पगारवाढ आणि महागाईचा खरा हिशोब

प्रश्न: सर, मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये ऑपरेटर आहे. मार्च 2021 ला ग्रॉस 20,000 होता, मग दर एप्रिलला वाढ होत गेली, 20,700, 21,400, 22,200 आणि आता 23,000. मालक म्हणतात चार वर्षांत 15 टक्के वाढवलं, आणि आता एप्रिल 2025 पासून अजून 5 टक्के देतो, महागाई तर 3 टक्क्यांवर आलीय. पण घरात बायको म्हणते तुमचा पगार कमी होत चाललाय. स्लिपवर तर वाढलेलाच दिसतो. नक्की खरं कुणाचं?

उत्तर:

वहिनींचं खरं आहे. मालक खोटं बोलत नाहीत, 15 टक्के वाढ झालीय हे बरोबर, पण ते रुपये मोजतायत आणि वहिनी त्या रुपयात काय काय घरात येतं ते मोजतायत. स्लिपवर छापलेला आकडा म्हणजे नाममात्र वेतन आणि त्या आकड्यात बाजारातनं जेवढं सामान येतं ते वास्तविक वेतन. पहिलं वाढताना दुसरं घटू शकतं, आणि तुमच्या बाबतीत तेच झालंय. मी सांगली-मिरज भागात वेतन कराराचे हिशोब बरीच वर्षं करतोय, कधी युनियनकडून कधी मॅनेजमेंटकडून, आणि हा घोळ जवळजवळ प्रत्येक टेबलावर बघितलाय, म्हणून तुमचेच आकडे घेऊन नीट करून दाखवतो.

महागाई मोजायला कामगारांसाठी वेगळा निर्देशांक आहे, औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, टेबलावर सगळे त्याला सीपीआय-आयडब्ल्यू म्हणतात. केंद्र सरकारचं लेबर ब्युरो तो दर महिन्याला काढतं, 2016 साल म्हणजे 100 धरून. मार्च 2021 ला हा आकडा 119.6 होता आणि मार्च 2025 ला 143.0. म्हणजे जी पिशवी 119 रुपये 60 पैशाला भरायची ती भरायला आता 143 रुपये लागतात. 143.0 भागिले 119.6 केलं तर 1.1957 येतं, म्हणजे चार वर्षांत महागाई साडेएकोणीस टक्क्यांच्या थोडी वर.

आता तुमचे 20,000 गुणिले 1.1957 करा, 23,913 होतात. मार्च 2025 ला नुसतं जिथं होतात तिथंच राहायला एवढा पगार पाहिजे होता, एक रुपयाची प्रगती न धरता. मिळाले 23,000. म्हणजे महिन्याला 913 रुपये कमी. हेच उलट्या बाजूने बघायचं तर असं,

23000 × 119.6 ÷ 143.0 = 19236

म्हणजे आजचे तुमचे 23,000 हे मार्च 2021 च्या 19,236 रुपयांएवढे आहेत. 20,000 चे 19,236 झाले, 3.8 टक्के कपात. समजा मालकांनी 2021 साली किमती होत्या तशाच ठेवून नोटीस लावली असती की उद्यापासून सगळ्यांचा पगार 764 रुपये कमी, तर दुसऱ्या दिवशी शॉपवर एक मशीन चालू झालं नसतं. महागाईच्या आडून तीच कपात झाली तर पेढे वाटले जातात, कारण माणसाला आकडा दिसतो आणि आकडा वर गेलेला असतो.

इथं एक चूक खूप जण करतात, 15 मधून 19.6 वजा करून साडेचार टक्के घट म्हणतात. वजाबाकीने उत्तर जवळपास येतं पण नेमकं येत नाही, आणि जेवढी वर्षं जास्त तेवढा फरक वाढत जातो. टेबलावर समोर सीए बसलेला असेल तर तो हीच चूक पकडतो आणि मग तुमचं बाकीचं सगळं बरोबर असलं तरी ऐकून घेत नाही, म्हणून भागाकारच करायचा.

आता चार वर्षं एकत्र बघितली तर तोटा दिसतो, पण तो कसा झाला हे महिन्या-महिन्याने बघितलं तर जास्त कळतं. एप्रिल 2021 ला तुम्हाला 700 वाढले, पगार 20,700. त्या महिन्यात इंडेक्स होता 120.1, त्या हिशोबाने तुम्हाला 20,084 पुरले असते, म्हणजे तुम्ही चक्क 600 रुपयांनी पुढे होतात. पण पगार वर्षभर तिथंच थांबला आणि इंडेक्स काय थांबत नाही. सप्टेंबरला तो 123.3 वर होता, तेव्हापर्यंत तुम्ही थोडे तरी पुढे होतात, ऑक्टोबरला 124.9 झाला आणि तुम्ही मागे पडलात. पहिल्या वर्षीच्या वाढीचं बळ सहा महिने टिकलं. दुसऱ्या वर्षी एप्रिल 2022 ला पगार 21,400 झाला, त्या महिन्याला गरज होती 21,355 ची, म्हणजे जेमतेम 45 रुपये पुढे, आणि मे महिन्यात इंडेक्स 129.0 वर गेला की परत मागे. ती वाढ एक महिना पुरली. तिसऱ्या वर्षी एप्रिल 2023 ला 22,200 हातात आले तेव्हा गरज होती 22,441 ची. म्हणजे वाढ मिळाली त्याच दिवशी तुम्ही 240 रुपये मागे होतात. एप्रिल 2024 ला तसंच, 23,000 मिळाले आणि लागत होते 23,311.

हे नीट बघा, कारण टक्केवारीच्या चर्चेत हे हरवतं. पगार वर्षातनं एकदा पायरी चढतो आणि किमती रोज थोड्या थोड्या वर सरकतात, त्यामुळे वाढ महागाईएवढीच मिळाली तरी मधले महिने तुमच्या खिशातनंच जातात, पुढच्या एप्रिलला फक्त भोक बुजवलं जातं, मागचं गेलेलं परत येत नाही. आणि वाढ महागाईपेक्षा कमी असली तर भोकही पूर्ण बुजत नाही, पुढच्या वर्षीची सुरुवातच खालून होते. तुमच्या चार वर्षांचा महिनावार हिशोब मांडला तर पहिलं वर्ष बरोबरीत सुटतं, पुढच्या तीन वर्षांत मिळून साधारण 27,000 रुपये कमी पडलेत. एका अख्ख्या पगारापेक्षा जास्त. महिनाअखेरची ओढ म्हणजे हेच पैसे, कुठं उधळलेले नाहीत.

आता मालकांचा दुसरा मुद्दा, महागाई 3 टक्क्यांवर आलीय. आकडा खरा आहे, मार्च 2024 चा इंडेक्स 138.9 आणि मार्च 2025 चा 143.0, वाढ 2.95 टक्के. त्याच्या आधीच्या तीन वर्षांत हीच वाढ 5.35, 5.79 आणि 4.20 टक्के होती. पण महागाई 3 टक्क्यांवर आली म्हणजे किमती खाली आल्या असं नाही, किमती वाढायचा वेग कमी झाला. 2022 साली तेल, गॅस, शाळेची फी, भाडं जिथं जाऊन बसलं त्याच्या वर हे 3 टक्के आहेत. गंमत म्हणजे एप्रिल 2024 ची तुमची 800 रुपयांची वाढ ही 3.6 टक्के होते, म्हणजे त्या एका वर्षात तुमची वाढ महागाईपेक्षा थोडी जास्तच होती, आणि म्हणूनच मार्च 2024 ला 1027 रुपयांचा खड्डा होता तो मार्च 2025 ला 913 वर आला. मालकांनी फक्त हेच एक वर्ष दाखवलं तर ते बरोबर दिसतील. म्हणून कुठल्या महिन्यापासून मोजायचं हे आधी ठरवून घ्या, शेवटची वाटाघाट नीट झाली होती किंवा तुम्ही समाधानी होता तो महिना धरा, आणि दोन्ही टोकांना तोच महिना घ्या, मार्च ते मार्च किंवा एप्रिल ते एप्रिल. कारण पावसाळ्यानंतर भाजी महाग होऊन इंडेक्स फुगतो आणि थंडीत उतरतो, नोव्हेंबर 2024 ला तो 144.5 होता आणि मार्चला 143.0 वर खाली आला, त्यामुळे सोयीचा महिना निवडून कुणीही एखादा टक्का इकडचा तिकडं करू शकतो.

आता 5 टक्के वाढीकडं येऊ, इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुम्ही लिहिलंय 5 टक्के देतो म्हणाले, पण कशाच्या 5 टक्के हे विचारलं का? आपल्याकडं बहुतेक ठिकाणी टक्केवारी बेसिक-डीएवर सांगतात आणि घरभाडं, प्रवास, धुलाई, बाकी भत्ते आहेत तिथंच ठेवतात. समजा तुमच्या 23,000 मध्ये बेसिक-डीए 14,000 आहे आणि 9,000 बाकीचे भत्ते. 14,000 चे 5 टक्के 700 रुपये. पण तुम्ही जगता 23,000 वर, आणि 23,000 ला 700 म्हणजे 3.04 टक्के. महागाई मात्र भत्त्यांना सोडत नाही, 9,000 चीही किंमत तेवढीच घसरते. वरनं बेसिक वाढलं की पीएफची 12 टक्के कपात पण वाढते, 1,680 ची 1,764 होईल, 84 रुपये. पीएफ तुमचाच पैसा आहे, मालकाचा हिस्सा पण वाढतो, त्यामुळे त्याला मी तोटा म्हणणार नाही, पण वाण्याच्या बिलाला उपयोगी रक्कम 616 च उरते. तर "5 टक्के वाढ आणि 3 टक्के महागाई" हे ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात 3.04 आणि 2.94 ची बरोबरी आहे (एप्रिल 2024 चा इंडेक्स 139.4, एप्रिल 2025 चा 143.5). म्हणजे गेल्या एका वर्षाची भरपाई झाली आणि जुना खड्डा आहे तसाच. स्लिप काढा आणि बघा तुमचं बेसिक किती आहे, माझा 14,000 चा आकडा अंदाजाने धरलाय, बाकी पद्धत तीच.

स्लिप काढलीच आहे तर अजून एक गोष्ट बघा. ईएसआयसीची पगारमर्यादा 21,000 आहे आणि ती 2017 पासून हललेली नाही. तुमचा पगार एप्रिल 2022 ला 21,400 झाला, म्हणजे बहुधा त्याच सुमारास तुमची ईएसआयसीची कपात बंद झाली असेल. कपात होती पाऊण टक्का, म्हणजे दीडशे-एकशे पंचावन्न रुपये, ती वाचली म्हणून त्या महिन्यात बरं वाटलं असेल, पण त्याच्यासोबत घरच्या सगळ्यांचा दवाखाना गेला, आजारपणाच्या रजेचा भत्ता गेला. आता मिरजेत एखाद्या हॉस्पिटलात चार दिवस ॲडमिट व्हायची वेळ आली तर बिल कोण भरणार? कागदावर पगार वाढला म्हणून सरकारने तुम्हाला 21,000 च्या वरच्या गटात टाकलं, खरेदीच्या ताकदीने बघितलं तर 2021 साली जिथं होता तिथंच किंवा खाली. मर्यादा रुपयात गोठलेली आणि किमती वाढत्या असल्या की असं होतंच, आणि ही कपात कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही. कंपनीने ग्रुप मेडिक्लेम काढला नसेल तर वाटाघाटीत तो वेगळा मुद्दा म्हणून मांडा, पगारवाढीत मिसळू नका.

मग आता मागायचं किती? एप्रिल 2025 च्या 143.5 ने हिशोब केला तर मार्च 2021 एवढ्याच ताकदीला 23,997 लागतात, सरळ 24,000 धरू. म्हणजे 1,000 रुपये ही वाढ नाहीच, ती थकलेली भरपाई आहे. ते देतायत 700, म्हणजे पहिल्याच दिवशी 300 कमी. पुढं, हा पगार अजून एक वर्ष गोठणार आहे, त्या वर्षात महागाई समजा 4 टक्के धरली तर वर्षभराच्या सरासरीला साधारण 2 टक्के झीज होते, त्यासाठी 480 धरा. म्हणजे वर्षभर सरासरीने तरी 2021 च्या जागेवर राहायला 24,480, म्हणजे 1,500 च्या आसपास वाढ पाहिजे. आणि चार वर्षांत तुमचा हात बसला, नवीन मशीन शिकलात, दोन पोरांना शिकवलंत, त्याचं जे काही मोल असेल ते याच्या वर. हे दोन भाग वेगळे ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो, महागाईची भरपाई वेगळी आणि कामाची वाढ वेगळी. एकत्र केले की मालक म्हणणार तुझं काम चांगलं म्हणून 700 दिले, आणि ते 700 महागाईलाच पुरणार नाहीत.

मालकांची बाजू पण सांगतो, कारण मी त्या बाजूलाही बसलोय. कुपवाडची बरीच छोटी युनिट मोठ्या कंपनीचं जॉबवर्क करतात आणि त्यांचा पीस रेट दोन-दोन वर्षं वाढत नाही, वीज आणि टूलिंग वाढतं. अशा युनिटला पूर्ण भरपाई एकदम जमत नाही हे खरं असतं. पण मग तसं सरळ बोलावं, की मंदी आहे, या वर्षी खऱ्या पगारात एवढी कपात घ्यावी लागेल, पुढच्या वर्षी ऑर्डर आली की भरून काढू. तसं बोललं तर कामगार ऐकतात, मी स्वतः अशा दोन्ही बाजूंनी समजून घेतलेल्या बैठका बघितल्यात. कपातीला वाढ म्हणून सही घेणं मला पटत नाही.

या निर्देशांकाच्या मर्यादा पण माहिती असू द्या, नाहीतर समोरचा तिथं अडवेल. तो देशभरातल्या 88 केंद्रांवरनं काढतात, त्यात सांगली नाही, सातारा पण नाही, महाराष्ट्रातली आपल्याला जवळची केंद्रं पुणे आणि सोलापूर. त्यात खाण्यापिण्याला वजन आहे 39 टक्के आणि घराला जवळजवळ 17 टक्के. तुमचं घर वडिलोपार्जित असेल, भाडं नसेल, तर तो 17 टक्क्यांचा भाग तुम्हाला लागू नाही, पण मग तुमच्या खर्चात किराणा, दूध, भाजी यांचा वाटा बराच जास्त असणार, आणि ज्या वर्षी डाळ-तेल-भाजी भडकते त्या वर्षी तुमची महागाई छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त असते. वहिनींना आकडा न बघता कळलं ते यामुळेच. त्यांच्याकडं किराण्याची जुनी बिलं असतील, वाण्याची वही असेल, तर त्यातले दहा-बारा जिन्नस घेऊन तेवढ्याच मापाचे तेव्हाचे आणि आताचे पैसे लिहून काढा. वाटाघाटीत अधिकृत आकडा इंडेक्सचाच मांडायचा, त्यावर वाद होत नाही, पण सोबत ही यादी असली की समोरच्यालाही कळतं, त्याच्या घरी पण तेच तेल येतं.

आणि जर तुमच्याकडं युनियनचा करार असेल आणि त्यात "प्रत्येक पॉइंटला इतके रुपये डीए" असं कलम असेल तर दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे आधारवर्ष. जुना इंडेक्स 2001 चा होता, नवा 2016 चा सप्टेंबर 2020 पासून आला, आणि जुन्यात न्यायचं असेल तर नव्याला 2.88 ने गुणायचं. करार जुन्या मालिकेवर लिहिलेला आणि अकाउंट्समधला माणूस नव्या मालिकेचे पॉइंट मोजतोय असं असेल तर इंडेक्स एका पॉइंटने चढल्यावर जिथं 2.88 पॉइंटचे पैसे यायला पाहिजेत तिथं एकाचेच येतात, म्हणजे डीएची वाढ थेट एक तृतीयांशावर. असं झालेलं मी बघितलंय, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं कारण डीए दर वेळी थोडा का होईना वाढतच होता. दुसरं म्हणजे पॉइंटचा दर. तुमच्या 23,000 पगाराला एप्रिल 2024 च्या 139.4 ने भागलं तर 165 येतात, म्हणजे नव्या मालिकेचा एक पॉइंट वाढला की तुम्हाला महिन्याला 165 रुपये वाढले तर पूर्ण भरपाई होते. करारात समजा 60 रुपये असतील तर भरपाई झाली जेमतेम 36 टक्के, बाकीचं तुम्ही सोसताय.

करार नसेल आणि मालक तीन वर्षांचा ठरवून घेऊ म्हणत असतील, दर वर्षी 700 फिक्स, तर त्याला घाईने हो म्हणू नका. पहिल्या वर्षी 700 म्हणजे 3.04 टक्के, तिसऱ्या वर्षी तेच 700 हे 24,400 वर मोजले जाणार, म्हणजे 2.9 टक्क्यांच्याही खाली, आणि मधे एखादं वर्ष 2022 सारखं आलं तर काहीच करता येत नाही, सही झालेली असते. तीन वर्षांचंच करायचं असेल तर एवढं एक वाक्य घालून घ्या, की मार्चच्या इंडेक्सची वाढ त्या वर्षीच्या वाढीपेक्षा जास्त निघाली तर फरक पुढच्या एप्रिलपासून ग्रॉसवर मिळेल, आणि त्यात "ग्रॉस" हा शब्द आणि 2016 हे आधारवर्ष दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.